भिरभिर आणि तालीम : बेळगावातल्या मुलांच्या बॅडमिंटन अकादमीच्या नावाचं प्रकरण

बेळगावच्या टिळकवाडी-अनगोळ बाजूला भाड्यानं घेतलेला एक हॉल आहे. दोन कोर्ट, सिंथेटिक मॅट, ६ ते १४ वयाची मुलं, सकाळची एक आणि संध्याकाळच्या दोन अशा तीन बॅच. एका कोर्टवर आठच मुलं घ्यायची असं कोचनं आधीच ठरवलेलं, म्हणजे सगळ्या बॅच भरल्या तरी आकडा ४८ वर थांबतो. मॅट आली, नेट आलं, दिवे लागले, फक्त नाव ठरत नाही. प्रकरण नमुन्यादाखल मांडलेलं आहे, पण त्यातली भाषेची, खेळाची आणि कायद्याची गाठ सीमाभागात नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाला अशीच सोडवावी लागते.

अडचण एका वाक्यात सांगता येते. नाव वाचून आईवडिलांना वाटलं पाहिजे की इथं पोराला वळण लागेल, आणि तेच नाव ऐकून पोराला वाटलं पाहिजे की इथं मजा आहे. त्यात बेळगावची आणखी एक अट असते. घरी मराठी, शेजारी कन्नड, गल्लीच्या टोकाला उर्दू आणि शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांच्या तोंडी ते नाव चाललं पाहिजे.

पहिली यादी कोच आणि हॉल सांभाळणाऱ्या भागीदारानं मिळून केली. त्यात चॅम्पियन्स, स्मॅश किड्स, गरुडझेप, चपळ, टप्पा, फुलपाखरू आणि शिस्त ही नावं होती. यातलं एकही टिकलं नाही. प्रत्येक नाव वेगळ्या कारणानं पडलं, म्हणून ती कारणं पाहण्यासारखी आहेत.

पालक काय विचारतात, मुलं काय बोलतात

नावाला हात घालण्याआधी एक साधं काम केलं तर पुढचे पंधरा दिवस वाचतात. चौकशीला येणारे पालक पहिल्या दोन मिनिटांत काय विचारतात ते जसंच्या तसं वहीत लिहून ठेवायचं. "शिस्त आहे का?" असं कुणीच विचारत नाही. प्रश्न येतात ते असे. "सर, किती वाजता सुटतंय? सातला ट्यूशन हाय." "एका कोर्टवर पोरं किती घेतासा?" "पोरीच्या बॅचला मॅडम असतात काय?" "आलं नाही तर फोन करतासा न्हवं?" पालकांची शिस्त ही अशी असते : वेळ, मोजकी संख्या, जबाबदार माणूस आणि हजेरी. त्यामुळे पाटीवर 'शिस्त' हा शब्द रंगवण्यापेक्षा, मोजूनमापून काम करणारी जागा आहे असं सुचवणारा शब्द मिळाला तर तो त्यांच्यापर्यंत जास्त पोचतो.

मुलांची वही वेगळी ठेवायची. त्यांना "तुला काय आवडेल?" असं विचारून काही हाती लागत नाही. घोळक्यात विचारलं तर पहिला पोरगा जे बोलेल तेच सगळे बोलतात, आणि एकट्याला विचारलं तर तो समोरच्या सरांचं तोंड बघून उत्तर देतो. खेळताना मुलं आपसांत कोणते शब्द वापरतात तेवढं ऐकायचं. शटल पंख्याच्या वाऱ्यानं वाकडं गेलं की ती काय ओरडतात, रॅकेटचा आवाज तोंडानं कसा काढतात, "कुठं चाललास?" याला मित्राला काय सांगतात, याकडे कान ठेवायचा. नाव या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बसलं पाहिजे, आणि मराठीत त्याचं उत्तर 'ला' लावूनच येतं. शाळेला, ट्यूशनला, मैदानाला. जे नाव 'ला' लावल्यावर तोंडात अडखळतं ते मूल वापरत नाही, सरळ "बॅडमिंटनला" म्हणून मोकळं होतं. मग पाटीवर खर्च केलेलं नाव पाटीवरच राहतं.

पडलेली नावं

'चॅम्पियन्स' सर्वांत आधी गेलं. वाईट होतं म्हणून नव्हे, ते कुणाचंच नाव नाही म्हणून. खेळ शिकवणाऱ्या कुठल्याही जागेला ते लागू पडतं, शोधायला गेलं की दुसऱ्या गावांच्या अकादम्या वर येतात, आणि व्यापारचिन्ह म्हणून त्यावर आपला एकट्याचा हक्क सांगणं फार अवघड जातं. 'स्मॅश किड्स'चं दुखणं 'किड्स'मध्ये होतं. सहा वर्षांच्या मुलाला ते चालतं. पण तेरा वर्षांची मुलगी तो शब्द पाठीवर छापलेला टी-शर्ट घालून आठवीच्या मैत्रिणींसमोर जाणार नाही. ६ ते १४ हा एक वयोगट दिसला तरी नावाच्या दृष्टीनं ते दोन गट आहेत. दहाच्या आतल्या मुलांना छोटं म्हटलेलं चालतं. अकराच्या पुढं 'लिटल', 'चिमुकले', 'बाल' असलं काहीही चालत नाही. 'फुलपाखरू' याच कारणानं मागं पडलं. शिवाय कन्नडमध्ये फुलपाखराला चिट्टे म्हणतात, म्हणजे निम्म्या घरांत त्या शब्दाचं चित्रच उभं राहत नाही.

'टप्पा' मुलांच्या तोंडी छान बसत होतं. तालमीचे टप्पे, वरचा टप्पा, खालचा टप्पा असा दुहेरी अर्थही निघत होता. पण बॅडमिंटनमध्ये टप्पा नसतोच. शटल जमिनीला लागलं की रॅली संपते. खेळ ठाऊक असलेला पालक पाटी बघूनच ओळखेल की नाव ठेवणाऱ्यानं टेनिस किंवा क्रिकेट डोळ्यांपुढं ठेवलं होतं. खेळाच्या नावात खेळाचीच चूक असली तर कोचवरचा विश्वास तिथंच थोडा उतरतो.

'शिस्त' या नावाची एक जमेची बाजू सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. हा शब्द दोन्ही भाषांत आहे. कन्नडमध्ये शिस्तु म्हणतात, अर्थ तोच. पालकांच्या बाजूनं नाव शंभर टक्के उतरलं असतं. पण हा शब्द मुलाच्या कानावर कधी पडतो ते आठवा. "शिस्तीत बस", "शिस्त नाही तुला", म्हणजे रागावतानाच. संध्याकाळी पाचला शाळेतून सुटलेलं मूल परत शिस्तीला जायला पायात शूज घालणार नाही.

सर्वांत धडा देणारं नाव 'चपळ' होतं. मराठीत ते खेळाडूला दिलेलं प्रशस्तिपत्रक आहे. भागीदाराचा त्यावर जीव होता, बोधचिन्हाचं चित्रही काढून झालं होतं. कन्नडमध्ये मात्र चपल म्हणजे अनावर इच्छा, सोस. बायि चपल म्हणजे जिभेचे चोचले. 'ळ'चा 'ल' झाला की पाटीवरचं नाव कन्नड आईला 'हावरटपणा बॅडमिंटन' अशासारखं काही ऐकू येणार. भर म्हणजे मराठीतला हा 'च' दंततालव्य, 'त्स'च्या जवळचा. कन्नडला तो ध्वनी नाही आणि कन्नड लिपीत तो दाखवताही येत नाही. सीमाभागात नाव ठेवताना शब्दकोशातला अर्थ पाहणं पुरत नाही. तो शब्द शेजारच्या भाषेत दुसऱ्याच अर्थानं आधीपासून नांदत नाही ना, हे त्या भाषेतल्या बाईमाणसाला, दुकानदाराला, रिक्षावाल्याला विचारूनच कळतं.

'गरुडझेप'वर फार वेळ घालवायचं कारण नव्हतं. गरुड दोन्ही भाषांत आहे, झेप फक्त मराठीत. आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासांनी हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. शहरातल्या अनेकांच्या मनात येईल तसं एखादं शिवकालीन नाव ठेवण्याचा विचारही निघाला. तिथं कायदा आड येतो. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यवसायासाठी वापरता येत नाही. श्रद्धा कितीही खरी असली तरी फी घेऊन चालणाऱ्या वर्गाला ते नाव देऊ नये.

शटलला घरोघरी 'फूल' म्हणतात. तो शब्द गोड आहे, खेळाचा आहे, म्हणून त्याचीही चाचपणी झाली. पण इंग्रजी शाळेतली मुलं रोमनमध्ये लिहिलेलं फूल `fool` असंच वाचतात. वर्गात एकदा कुणी तसं म्हटलं की ते नाव संपलं.

एका शब्दावरचं ओझं उतरवणं

इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. शिस्त आणि मजा दोन्ही एकाच शब्दातून काढायचा हट्ट धरला की शब्द मधेच कुठंतरी पडतो, आणि हाती 'फन अँड फिट' असलं बेचव काहीतरी येतं. त्यापेक्षा दोन शब्द घ्यावेत आणि कामं वाटून द्यावीत. पहिला शब्द मुलाचा, तो हाक मारायला. दुसरा पालकांचा, तो भरवसा द्यायला. अट एवढीच की दोघांत थोडा ताण असावा. दोन्ही शब्द एकाच सुरातले असले तर एक फुकट जातो.

पालकांसाठीचा शब्द आधी सापडला, आणि तो गावातच पडून होता : तालीम. बेळगाव हे कुस्तीचं गाव. तालीम म्हटलं की वेळेवर उठणं, वस्तादाचं ऐकणं, अंग मोडून मेहनत करणं हे सगळं मराठी माणसाला न सांगता कळतं. कन्नडमध्ये तालीमु म्हणजे सराव. म्हैसूरच्या दसऱ्याआधी हत्तींची जी रंगीत तालीम होते तिच्या बातम्यांत हाच शब्द असतो, त्यामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरांत तालीम म्हणजे शिक्षण. तीन भाषांत तीन छटा, आणि तिन्ही आईवडिलांना हव्याशा. शिवाय 'अकादमी' या शब्दाचं कामही हाच शब्द करतो, म्हणून 'अकादमी' वेगळं लिहायची गरज उरत नाही. मुलाच्या तोंडी रूपही सहज होतं. "कुठं जाऊलास?" "तालमीला." याला ओढूनताणून बसवावं लागत नाही.

मुलाचा शब्द शोधताना शटलकडे नीट पाहिलं. पिसांच्या शटलला १६ पिसं असतात आणि ती एकमेकांवर किंचित चढवून बसवलेली असतात. त्या चढवण्यामुळे हवेत शटल स्वतःभोवती फिरत जातं. जत्रेत काडीवर मिळणारं कागदी भिरभिरं ज्या तऱ्हेनं वाऱ्यावर फिरतं, तीच ही तऱ्हा. शब्द तिथूनच आला : भिरभिर.

कन्नडच्या बाजूनं पाहिल्यावर तो पक्का झाला. कन्नड बोलणारे अनेकजण 'भ' सोडून 'ब' म्हणतात, तेव्हा नावाचं 'बिरबिर' होणार हे धरूनच चालायचं. आणि कन्नडमध्ये बिरबिरने म्हणजे झपाझप, भराभर. म्हणजे नाव चुकीचं उच्चारलं तरी अर्थ खेळाचाच राहतो. 'चपळ'च्या बाबतीत उच्चार बदलल्यावर नाव बिघडत होतं, इथं तोच बदल नावाच्या कामी येतो. नाव निवडताना हा कस लावून बघण्यासारखा आहे. शुद्ध उच्चारात ते कसं वाटतं यापेक्षा, लोक ते जसं मोडणार आहेत तसं मोडल्यावर काय उरतं, हे जास्त महत्त्वाचं.

या शब्दाला एक खोट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मराठीत नजर भिरभिरते, लक्ष भिरभिरतं. ज्या आईची तक्रारच "ह्याचं लक्ष एका जागी ठरत नाही" अशी आहे तिला नुसतं 'भिरभिर' हे नाव नको वाटेल. पण त्याला 'तालीम' जोडली की अर्थ फिरतो. भिरभिरणाऱ्या पोराला तालमीत घातलं, असं त्या जोडीतून ऐकू येतं. वर म्हटलेला ताण तो हाच. म्हणून दोन्ही शब्द नेहमी एकत्र छापायचे हा नियम पालकांच्या हातात जाणाऱ्या प्रत्येक कागदाला लावला. पावती, फॉर्म, पाटी, भिंतीवरचं वेळापत्रक, सगळीकडे 'भिरभिर बॅडमिंटन तालीम'. मुलाच्या अंगावर किंवा हातात जे जातं, म्हणजे टी-शर्ट, बाटली, रॅकेटच्या पिशवीवरचा शिक्का, त्यावर फक्त 'भिरभिर'.

रोमन अक्षरांत ते `Bhirbhir` असंच लिहायचं हेही त्याच दिवशी ठरवून टाकलं. कुणी हौसेनं `Bheer` केलं किंवा `h` गाळला तर वाचणाऱ्याला ते 'बिअर'सारखं दिसतं, आणि मुलांच्या वर्गाला ते परवडणारं नाही. पाटी रंगवणारा, टी-शर्ट छापणारा, पावतीपुस्तक छापणारा अशा तिघांना स्पेलिंग कागदावर लिहून द्यायचं. फोनवर सांगितलं की घोळ होतो.

तीन दिवसांची चाचणी

चाचणीसाठी हॉलच्या आसपासच्या ओळखीच्यांतून १० पालक आणि १२ मुलं पुरतात. मुलांत निम्मी अकराच्या वरची हवीतच. पालकांना फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं आणि त्यांना ते लिहून पाठवायला सांगायचं. कुणी मराठीत लिहील, कुणी कन्नडमध्ये, कुणी रोमनमध्ये. लिहिलेलं वाचून दुसऱ्या कुणाला मूळ नाव ओळखता आलं तर पास. एकच नाव चार लोकांनी चार तऱ्हांनी लिहिलं आणि त्यातलं एकही शोधून सापडत नसलं तर नाव बदलायचं.

मुलांना पहिल्या दिवशी खेळाच्या ओघात तीन नावं ऐकवायची आणि विषय तिथंच सोडायचा. दुसऱ्या दिवशी एकेकाला वेगळं गाठून, "काल काय नावं सांगितली होती रे?" एवढंच विचारायचं. आवड विचारायची नाही, आठवण विचारायची. १२ पैकी आठनऊ मुलांच्या तोंडून एकच नाव पहिल्यांदा आलं तर ते नाव जिभेवर बसलं असं समजावं. तिसऱ्या दिवशी मोठ्या मुलांना टी-शर्टाचा कागदी नमुना दाखवायचा आणि "शाळेला घालून जाशील काय?" असं विचारायचं. इथं 'हो' किती जोरात येतं याला फारसा अर्थ नाही. उत्तर द्यायला जो वेळ लागतो तो बघायचा. 'भिरभिर'ला मोठ्या मुलांकडून थोडी कुरकुर येऊ शकते, कारण शब्दात भिरभिऱ्याचं खेळणं आहे. त्यावर इलाज म्हणून त्यांच्या टी-शर्टावर खेळण्याचं चित्र टाळून, फिरत जाणाऱ्या शटलची रेघ काढायची. शब्द तोच ठेवून चित्र वयाप्रमाणं बदलायचं.

पाटी

कर्नाटकात आता व्यावसायिक पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या बाजूला द्यावी लागते. २०२४ च्या दुरुस्तीपासून हा नियम कायद्यात स्पष्ट आहे. पाटीचा विचार नाव ठरताना करायचा तो यासाठीच, कारण लांब नावाची पाटीवर दैना होते. ८ फूट बाय ४ फुटांची पाटी धरली तर उंचीतले साधारण २९ इंच कन्नडला आणि १९ इंच मराठी व इंग्रजीला येतात. साठ फुटांवरून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून, आरामात वाचायला साधारण ६ इंच उंचीचं अक्षर लागतं. मराठीला वर वेलांटी आणि खाली उकार यांसाठी मोकळी जागा सोडावी लागते, म्हणून ६ इंचाच्या अक्षराला नऊ-दहा इंचांची ओळ जाते. उरलेल्यात रोमन नाव आणि फोन नंबर. म्हणजे मराठीची एकच ओळ बसते. 'भिरभिर बॅडमिंटन तालीम' त्या ओळीत बसतं. 'गरुडझेप ज्युनिअर बॅडमिंटन ट्रेनिंग अकादमी' असतं तर अक्षरं तीन इंचांवर आली असती आणि दुचाकीवरून कुणालाच वाचता आली नसती.

कन्नड ओळीत नावाचं भाषांतर करायचं नाही, लिप्यंतर करायचं. पेंटर कधी कधी मदत म्हणून 'भिरभिर'च्या जागी कन्नडमधला दुसरा एखादा शब्द टाकतो. मग एका जागेची दोन नावं होतात आणि परवाना, बँक, नकाशा यांत पुढं त्रास होतो. 'तालीम'च्या जागी 'तालीमु' करायचं की नाही हेही एकदा ठरवून सगळीकडे तसंच ठेवायचं. या प्रकरणात 'तालीम' तसंच ठेवलं, कारण कन्नड वाचकाला ते उकाराशिवायही कळतं.

शहराचं नाव नावात घालायचं टाळलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, मराठी माणूस बेळगाव म्हणतो, जुन्या कागदांवर बेलगाम असतं. कुठलंही एक निवडलं की कुणीतरी दुखावतं, आणि मुलांच्या खेळाच्या दारात तो वाद आणण्याचं काहीच कारण नाही. पत्ता पत्त्याच्या जागी अधिकृत नावानं लिहायचा. उद्या खानापूरला किंवा निपाणीला दुसरा हॉल घेतला तर नाव तिथंही तसंच जाईल हा वरचा फायदा. गूगल नकाशावरही पाटीवरचंच नाव टाकायचं. नावापुढं 'बेस्ट बॅडमिंटन कोचिंग' वगैरे चिकटवणं त्यांच्या नियमात बसत नाही आणि नोंद बंद होण्याची पाळी येते.

पाटीवर नावाखाली एक छोटी ओळ घेतली : "वेळेवर या, दमून जा." पालकांना पहिल्या दोन शब्दांत वेळ दिसते, आणि रात्री नऊला मूल गाढ झोपेल ही आशा पुढच्या दोन शब्दांत दिसते. मुलाला 'दमून' या शब्दात मोकळं सोडल्यासारखं वाटतं.

'तालीम' या शब्दानं एक नवा प्रश्न आणला, तो मुलींच्या पालकांचा. गावात तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि पोरांचा अड्डा. मुलीची आई पाटी वाचून आत न येताच पुढं जाऊ शकते. म्हणून पाटीवरचं चित्र रॅकेट उगारलेल्या मुलीचं घेतलं, आणि 'बॅडमिंटन' हा शब्द दोन शब्दांच्या मधोमध, त्याच उंचीच्या अक्षरात ठेवला. तो बारीक करून कोपऱ्यात टाकला असता तर अर्धी विचारपूस कुस्तीची आली असती.

नोंदणी

महानगरपालिकेच्या व्यवसाय परवान्यावर, उद्यम नोंदणीवर आणि बँकेच्या चालू खात्यावर नाव अक्षरशः एकच हवं. `Bhirbhir` आणि `Bhir Bhir` हेही बँकेच्या दृष्टीनं वेगळे. व्यापारचिन्हासाठी वर्ग ४१ पाहायचा. शिक्षण, प्रशिक्षण आणि क्रीडा त्यात येतात. व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घेताना उच्चारावरून शोधण्याची सोय असते. `Bhirbhir`, `Birbir`, `Bhirbhira` असे सगळे प्रकार टाकून बघायचे, कारण आक्षेप उच्चाराच्या साम्यावरूनही येतो. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. 'बॅडमिंटन' आणि 'तालीम' हे शब्द सेवेचं वर्णन करतात, त्यांवर एकट्याचा हक्क मिळणार नाही. हक्क मिळू शकतो तो 'भिरभिर'वर. म्हणून शब्दचिन्हाचा अर्ज त्या एकाच शब्दाचा करणं शहाणपणाचं. अर्ज केल्यावर `TM` लिहिता येतं, `®` मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी लावलं तर तो गुन्हा आहे.

नावाबाहेर काय ठेवलं

मजेचा मोठा भाग नावाबाहेर, बॅचच्या रचनेत ठेवला. बॅचना आधी फटक्यांची नावं सुचली होती : ड्रॉप, ड्राइव्ह, क्लिअर, स्मॅश. त्यात दोन गोष्टी बिघडल्या असत्या. 'ड्रॉप' बॅच ऐकून पालकांना वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. आणि स्मॅश सगळ्यात वर ठेवला की ज्याला अजून रॅकेट धरता येत नाही तो पोरगाही पहिल्या दिवसापासून उड्या मारून स्मॅशच मारायला बघतो. कोचचे सहा महिने ती सवय मोडण्यात जातात.

त्याऐवजी प्रत्येक मुलाला एक कार्ड दिलं. त्यावर १६ पिसांचं रिकामं शटल छापलेलं. एकेक गोष्ट जमली की कोच एक पीस रंगवतो. दहा सर्व्हिसपैकी आठ बरोबर चौकोनात पडल्या की एक पीस. शटलशिवाय कोर्टचे सहाही कोपरे तोल न जाता धावून झाले की एक. महिनाभर पाच मिनिटं आधी, तळाचे डाग न पडणारे शूज घालून आला तरी एक. मुलाला ते गोळा करायचं खेळणं वाटतं, पालकांना तीच प्रगतीची वही. शिकणारी मुलं नायलॉनच्या शटलनं खेळतात, त्यामुळे पिसं चालत नाहीत अशा घरांचीही अडचण होत नाही. पिसं फक्त कार्डावर.

कोच पीस देण्यात ढिला पडला तर दोन महिन्यांत सगळ्यांची कार्डं भरतात आणि 'तालीम' या शब्दाला कुणी विचारत नाही. फार कडक राहिला तर आठ वर्षांचं मूल दिवाळीपर्यंत चार पिसांवर अडकतं आणि यायचं बंद होतं. महिन्याला एक ते दोन पिसं हा वेग धरला की कार्ड साधारण वर्षभर पुरतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच वही उघडायची, आणि नवीन चौकशीचा फोन आला की समोरचा पहिलं वाक्य काय बोलतो ते लिहायचं. "बॅडमिंटन क्लास न्हवं का?" असं येत असेल तर नाव अजून पाटीवरच आहे. तसं असलं तर आधी व्हॉट्सॲपच्या गटांची नावं तपासायची. बहुतेक वेळा ती 'पाच वाजता बॅच' अशीच ठेवलेली असतात, आणि पालक रोज वाचतात ते तेच. ती 'भिरभिर, ५ वाजता' अशी बदलायची. "आमच्या गल्लीतलं पोरगं भिरभिरला येतंय, आमच्या पोरीला पण घालायचंय" असं येऊ लागलं की टी-शर्टांची पुढची छपाई करायला हरकत नाही.